दोन महिने कशाला लागू? केवायसीचं एक पान नव्यानं लिहिताना

निपाणीत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. एका पानाचे दोन रुपये घेतो. शेजारच्या गल्लीत सोनेतारण कर्ज देणाऱ्या एका फायनान्स कंपनीची शाखा आहे. तिथून परत पाठवलेली माणसं आधी माझ्या दुकानात येतात, त्यामुळे त्यांची केवायसीची सूचना मला न वाचताच पाठ झाली होती. पुढं ती सूचना मलाच नव्यानं लिहावी लागली. जुलै ते सप्टेंबर २०२५ असे अडीच महिने त्यात गेले. आणखी कुणाच्या सोसायटीत किंवा पतसंस्थेत असंच काम निघालं, तर उपयोग व्हावा म्हणून जसं झालं तसं लिहितोय.

सुरुवात ७ जुलैला झाली. सोमवार होता आणि पाऊस नुसता ओतत होता. अकोळच्या एक काकू पिशवीतली पिशवी सोडवत दुकानात शिरल्या. विड्या वळून घर चालवलेली बाई. आता मुलाकडं निपाणीत राहते. "तीनदा आलो की रं बाबा. आता माझी बोरमाळ लिलावात काढत्यात काय रं ही?" त्यांच्या हातात कंपनीनं पोस्टानं पाठवलेलं पत्र होतं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं:

"ग्राहकाने ओळख व/अथवा पत्ता याबाबतचा वैध दस्तऐवज (दोन महिन्यांपेक्षा जुना नसलेला) तसेच पॅन यांच्या स्वयं-साक्षांकित प्रती मूळ पडताळणीसह शाखेत सादर करून अद्यतन प्रक्रिया पूर्ण करावी, अन्यथा खाते प्रतिबंधित करण्यात येईल."

काकूंनी पहिल्यांदा आधार नेलं. त्यावर पत्ता अकोळचा, म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला रेशनकार्ड नेलं, ते चालत नाही म्हणून परत. तिसऱ्या वेळी कुणीतरी सांगितलं, आधार दोन महिन्यांपेक्षा जुनं नको. म्हणून माझ्याकडं नवी प्रिंट काढायला आल्या. मी काढूनही दिली, दहा रुपये घेतले. त्या गेल्यावर माझं मलाच वाईट वाटलं, कारण ही प्रिंट नेऊन काही होणार नाही हे मला ठाऊक होतं.

बुधवारी, म्हणजे ९ तारखेला, त्यांच्याबरोबर मीच शाखेत गेलो. मॅनेजर गदगकडचे. मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. ते म्हणाले, "काय करू सांगा? हेड ऑफिसनं इंग्लिशमधून ट्रान्सलेशन करून पाठवलंय. मला कन्नडमधलं पण समजत नाही, मराठीचं सोडाच." कन्नड पत्रक त्यांनी माझ्यापुढं सरकवलं. आम्हा सीमाभागातल्या माणसांना कन्नड अर्धंमुर्धं लागतं. 'विळासद पुरावे' वाचलं की विलास बाजूला ठेवून पत्ता समजायचा, 'गुरुतिन चीटी' म्हणजे ओळखपत्र. वाक्य मात्र तसंच, एका दमात न संपणारं. कंसातले 'एरडु तिंगळु' म्हणजे दोन महिने कशाला चिकटलेत ते तिथंही कळत नव्हतं.

मॅनेजरसाहेबांनीच पुढं सांगितलं की रिझर्व्ह बँकेनं १२ जून २०२५ ला केवायसीच्या नियमांत दुरुस्ती केली आहे. मुदत संपण्याआधी ग्राहकाला किमान तीनदा कळवायचं, त्यातलं एक तरी पत्रानं, आणि पत्रात काय करायचं ते समजायला सोप्या भाषेत असावं. हे सगळं १ जानेवारी २०२६ च्या आत अमलात आणायचं. "तुम्ही डीटीपी करता ना, जरा सोपं करून टाइप करून द्या," असं ते सहज म्हणाले. मी हो म्हटलं. वाटलं, दोन तासांचं काम आहे.

त्या रात्री बसलो आणि 'दस्तऐवज' च्या जागी 'कागद', 'सादर करावा' च्या जागी 'द्या' असं करत गेलो. तासाभरात पान सोपं दिसायला लागलं. काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे आधार दोन महिन्याचंच पायजे न्हवं?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. अवघड शब्द ही वरवरची गोष्ट होती. कुठली अट कुठल्या कागदाला आणि कुठल्या माणसाला, हेच त्या वाक्यात लिहिलेलं नव्हतं. शब्द बदलून मी तोच गोंधळ सोप्या मराठीत आणला होता.

मग पुढचे दहा दिवस एक वही काउंटरवर ठेवली. फायनान्सहून परत आलेल्या माणसाला मी एवढंच विचारायचो, "काय सांगून परत पाठवलं?" आणि रेघ मारायचो. हे काम करणाऱ्याला माझं सांगणं आहे की आधी ही वही करा, लिहायला नंतर बसा. सगळ्यात जास्त रेघा रेशनकार्डापुढं पडल्या. त्यानंतर 'पॅन नाही' आणि 'मूळ कागद आणला नाही'. दोन रेघा अशा होत्या की हसावं का रडावं कळेना. दोघांच्या मतदान कार्डावर जिल्हा 'बेळगाम' होता आणि कंपनीच्या संगणकात 'बेळगावी'. जिल्ह्याचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, कार्ड त्याआधीचं. कारकुनानं पत्ता जुळत नाही म्हणून परत लावलं होतं.

१९ जुलैला मॅनेजरसाहेबांच्या मेलवरून हेड ऑफिसला नऊ प्रश्न पाठवले. प्रश्न मुद्दाम होय-नाहीत उत्तर देता येईल असे केले. 'पत्त्याच्या पुराव्याबाबत मार्गदर्शन करावे' असं विचारलं तर पुन्हा तेच वाक्य परत येतं. म्हणून विचारलं, "दोन महिन्यांची अट आधार कार्डाला लागू आहे का?" उत्तर यायला सतरा दिवस लागले, ५ ऑगस्टला आलं. मधल्या काळात मी रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे निर्देश वाचून काढले. मूळचे २०१६ चे, नंतर बऱ्याचदा दुरुस्त झालेले, इंग्रजीतले. कंटाळवाणे होते, पण कंपनीच्या पत्रकापेक्षा कितीतरी स्पष्ट.

त्यातून पहिली गाठ सुटली. ओळख आणि पत्ता दोन्हींसाठी चालणारे कागद सहाच आहेत: आधार, मतदान कार्ड, वाहनाचं लायसन्स, पासपोर्ट, रोजगार हमीचं जॉब कार्ड (त्यावर सरकारी अधिकाऱ्याची सही हवी) आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र. हे शेवटचं मी तरी आजवर पाहिलेलं नाही. या सहांना दोन महिन्यांची कसलीच अट नाही. वीस वर्षांपूर्वीचं मतदान कार्डही चालतं, पत्ता आजचा असला म्हणजे झालं.

दोन महिन्यांची अट दुसऱ्याच ठिकाणी आहे. त्या सहांपैकी कागद आहे पण त्यावर पत्ता जुना आहे, अशा माणसाला तात्पुरता पुरावा म्हणून वीज, पाणी, फोन, पोस्टपेड मोबाइल किंवा पाइपच्या गॅसचं बिल देता येतं. ते बिल दोन महिन्यांच्या आतलं हवं. घरपट्टीची पावती किंवा पत्ता असलेला सरकारी पेन्शनचा आदेशही त्याच कामी येतो. पण हे खरंच तात्पुरतं. तीन महिन्यांत नवा पत्ता घातलेला मूळ सहांपैकी एक कागद आणून द्यावाच लागतो. ही तीन महिन्यांची गोष्ट कंपनीच्या पत्रकात कुठंच नव्हती. लोक बिल देऊन काम झालं म्हणून घरी जात आणि नंतर पुन्हा नोटीस आली की शाखेत भांडण.

दुसरी गाठ याहून मोठी होती. पत्रक सगळ्यांसाठी एकच, पण त्यासमोर उभी राहणारी माणसं तीन प्रकारची. नवा ग्राहक, काहीच बदललं नाही असा जुना ग्राहक आणि पत्ता बदललेला जुना ग्राहक. नियमाप्रमाणं ज्याचं काहीच बदललेलं नाही त्यानं 'माझ्या माहितीत बदल नाही' एवढं स्वतःच्या सहीनं किंवा नोंदवलेल्या मोबाइलवरून कळवलं तरी पुरतं. एकही झेरॉक्स लागत नाही! माझ्या वहीतल्या रेघांपैकी कितीतरी माणसं याच प्रकारातली होती. त्यांच्याकडून मी दोन-दोन रुपये घेत राहिलो होतो. फक्त पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याचं लेखी निवेदन द्यायचं आणि कंपनीनं दोन महिन्यांच्या आत तो पत्ता खरा आहे का ते तपासायचं. सोबत पत्त्याचा एखादा कागद मागायची मुभा कंपनीला आहे. हेड ऑफिसनं कळवलं की आम्ही कागद मागतो. ठीक आहे, पण मग तसं लिहा की.

पॅनचं उत्तरही सरळ आलं. पॅन नसेल तर फॉर्म ६० भरून द्यायचा. पत्रकात फक्त 'पॅन' लिहिल्यामुळं विडी कामगार बायका पॅन काढायला धावत होत्या. लिलावाबद्दलही आम्ही विचारलं होतं. केवायसी राहिली म्हणून दागिन्याला हात लागत नाही. लिलाव कर्ज थकल्यावर, वेगळी नोटीस देऊन होतो. केवायसी राहिली तर नवं कर्ज आणि नूतनीकरण अडतं. शिवाय जूनच्या त्याच दुरुस्तीनुसार कमी जोखमीच्या ग्राहकाला मुदत संपल्यापासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांतली जी तारीख नंतरची असेल तोवर व्यवहार चालू ठेवता येतात. हे काकूंना सांगितल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि पहिल्यांदा पाणी मागून प्यायल्या.

आता लिहायला घेतलं. पानाच्या डोक्यावर एकच प्रश्न ठेवला: "तुम्ही आमचे आधीपासूनचे ग्राहक आहात का?" त्याखाली तीन चौकटी. आपली चौकट सोडून बाकीचं वाचायचं कामच नाही. काकूंच्या चौकटीत असं लिहिलं:

"जुने ग्राहक, पत्ता बदलला आहे. काउंटरवरून पत्ताबदलाचा कागद घ्या, नवा पत्ता लिहा, सही किंवा अंगठा करा. आधार, मतदान कार्ड किंवा लायसन्स यांपैकी एकावर नवा पत्ता असेल तर तो कागद आणि त्याची एक झेरॉक्स आणा. कागद कितीही जुना असला तरी चालेल. एकावरही नवा पत्ता नसेल तर जुन्या पत्त्याचं कार्ड आणि तुमच्या नावाचं लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती आणा. फक्त लाइट बिल गेल्या दोन महिन्यांतलं हवं. असं केलंत तर तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं कार्ड आणून दाखवावं लागेल. तारीख आम्ही तुमच्या पोचपावतीवर लिहून देऊ."

'मूळ पडताळणीसह' या दोन शब्दांनी दोन उलट्या चुका होत होत्या. काही जण मूळ कार्ड घरी ठेवून येत, तर एका आजोबांनी मूळ मतदान कार्डच देऊन टाकलं होतं. ते आठवडाभर ड्रॉवरमध्ये पडून होतं. खरं काम असं चालतं की कर्मचारी मूळ कागद आणि झेरॉक्स शेजारी ठेवून बघतो, झेरॉक्सवर तसा शेरा मारून सही करतो आणि मूळ कागद परत देतो. म्हणून लिहिलं: "मूळ कार्ड दाखवा. झेरॉक्स द्या. मूळ कार्ड परत घेऊनच काउंटर सोडा."

लाइट बिलाच्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण तो कागद रोज माझ्या काचेवर पडतो. हेस्कॉमचा माणूस मीटर बघून मशीनमधून लांब चिठ्ठी काढून देतो. तो कागद उष्णतेवर छापणारा, उन्हात किंवा खिशात राहिला की अक्षरं उडतात. काही जण टिकावी म्हणून चिठ्ठी लॅमिनेट करायला आणतात. लॅमिनेशनच्या मशीनमधून ती काळीकुट्ट होऊन बाहेर येते, मग त्यावर काहीच दिसत नाही. तेव्हा बिल आलं की लगेच झेरॉक्स काढून ठेवायची. दुसरं म्हणजे गृहज्योती योजनेमुळं पुष्कळ घरांत बिल शून्य येतं आणि शून्याचं बिल म्हणून लोक फेकून देतात. पत्त्यासाठी रक्कम बघत नाहीत. शून्याचं बिलही चालतं, हे पानावर ठळक घातलं.

११ ऑगस्टला पहिला खर्डा तीन माणसांना दिला. वाचा, घरी जा आणि लागेल ते घेऊन या, एवढंच सांगितलं. मध्ये काही समजावून सांगायचं नाही, असा नियम मी स्वतःला घातला होता. तोंड बंद ठेवणं फार अवघड गेलं. एक ताई बरोबर कागद घेऊन आल्या. एक काका बिल घेऊन आले, पण तीन महिन्यांपूर्वीचं. तिसरे एक निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी मूळ आधार कार्डावरच काळ्या स्केचपेननं आठ आकडे खोडून आणले होते!

चूक सर्वस्वी माझी. नियमाप्रमाणं, आधारची प्रत नुसती पुरावा म्हणून देताना त्यावरचा आधार क्रमांक झाकलेला असावा लागतो. शाखेत शेवटचे चार आकडे दिसलेले चालतात. म्हणून मी लिहिलं होतं, "आधारवरचे पहिले आठ आकडे काळे करा." कशावरचे, ते लिहिलंच नव्हतं. जे मी कंपनीला बोलत होतो तेच मी केलं होतं. नशीब, कार्ड लॅमिनेट केलेलं होतं. सॅनिटायझर लावून कापसानं पुसलं, शाई निघाली. निघाली नसती तर पीव्हीसी कार्डाचे पन्नास रुपये मी भरणार होतो. ती ओळ आता अशी आहे: "आधारची झेरॉक्स काढा. त्या झेरॉक्सवर पहिले आठ आकडे पेनानं खोडा. मूळ कार्डावर काही लिहू नका." त्याच्याशेजारी झेरॉक्सचं एक चित्र टाकलं. ज्यांना आधारच्या संकेतस्थळावरून आकडे झाकलेली प्रत काढता येते त्यांनी तीच आणावी, हेही लिहिलं.

बिल आणणाऱ्या काकांचंही बघितलं. त्यांनी दोन महिने कशापासून मोजायचे ते स्वतःच ठरवलं होतं. म्हणून 'गेल्या दोन महिन्यांतलं' च्या पुढं उदाहरण टाकलं: "१५ सप्टेंबरला येत असाल तर बिलावरची तारीख १५ जुलैनंतरची हवी." ते उदाहरण टाकल्यापासून या कारणानं कुणी परत आलेलं मला दिसलं नाही.

दुसरा खर्डा २२ ऑगस्टला हेड ऑफिसला गेला. २७ ला गणपती बसले, पुढचे दहा दिवस कुणी फोन उचलला नाही आणि खरं सांगायचं तर मीही केला नाही. ८ सप्टेंबरला पान लाल रेघांनी भरून परत आलं. त्यांनी 'व/अथवा' पुन्हा घातला होता आणि 'अंगठा' खोडून 'साक्षांकन' केलं होतं. मॅनेजरसाहेब आणि मी स्पीकरवर फोन लावला. मी म्हटलं, "मॅडम, 'ओळख व/अथवा पत्ता' म्हणजे एक कागद आणायचा की दोन?" पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाल्या, "पत्ता बरोबर असेल तर एकच." "मग तसंच लिहू का?" "लिहा." 'बेळगाम' आणि 'बेळगावी' एकच धरायचं, हेही त्याच फोनवर लेखी कळवायला लावलं.

१५ सप्टेंबरला पान भिंतीवर लागलं. टाइप करायचे मी पैसे घेतले नाहीत. तीनशे प्रतींचे सहाशे रुपये कंपनीनं दिले. कन्नड पान मॅनेजरसाहेबांनी माझ्या मराठीवरून स्वतः लिहिलं. त्यांच्या आईला गदगला फोन करून वाचून दाखवत होते, असं कारकून सांगत होता.

काकूंचं काम मात्र पान लागायच्या आधीपासून सुरू होतं. घराचं लाइट बिल वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, घरपट्टीही त्यांचीच, त्यामुळं तात्पुरता रस्ता बंद. मतदान कार्ड अकोळचं. आधारचा पत्ता बदलणं एवढंच हाती राहिलं. त्याला कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं पत्ता बदलायची सोय आहे. मुलाच्या आधारवर निपाणीचा पत्ता होता, दोघांची नावं एका रेशनकार्डावर होती. केवायसीला न चालणारं रेशनकार्ड इथं नात्याचा पुरावा म्हणून कामाला आलं. काकूंचा मोबाइल आधारला जोडलेला होता, म्हणून घरूनच अर्ज झाला, पन्नास रुपये लागले. मुलानं तीस दिवसांच्या आत स्वतः लॉगिन करून 'मान्य' म्हणायचं असतं. तो पुण्याला कामाला. मेसेज आलेला त्याला फसवणुकीचा वाटला आणि त्यानं पुसून टाकला. शेवटी आठव्या दिवशी काकूंनी फोनवर शिव्या घातल्यावर त्यानं केलं. हा रस्ता धरणार असाल तर घरच्या माणसाला आधी फोन करून ठेवा.

२४ सप्टेंबरला नव्या पत्त्याचं आधार, त्याची आठ आकडे खोडलेली एक झेरॉक्स, पत्ताबदलाचा कागद आणि फॉर्म ६० देऊन काकूंना पोचपावती मिळाली. काउंटरवर दहा मिनिटं लागली.

एक गोष्ट राहिलीच आहे. माहेरचं आणि सासरचं नाव वेगवेगळ्या कार्डांवर असेल तर नियमात सरकारी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र एवढंच दिलं आहे, आणि आमच्या भागातल्या साठीपुढच्या बायकांकडं यातलं काहीच नसतं. हेड ऑफिसला यावर दोन मेल गेलेत, उत्तर यायचंय. तोवर पानाच्या तळाला मी एवढंच घातलंय: "नावात फरक असेल तर आधी काउंटरवर विचारा, झेरॉक्स नंतर काढा."